इलेक्ट्रोमॅग्नेट किती वजन उचलेल, हे फटीवरून काढूया

हा टेबलावरचा यू आकाराचा इलेक्ट्रोमॅग्नेट बघा. ५०० वेढे, करंट १ अँपिअर, दोन्ही पायांचं तोंड १०-१० चौरस सेंटीमीटर. खाली लोखंडी पट्टी, आणि मध्ये दोन्हीकडे अर्ध्या मिलीमीटरची फट.

आता फील्डची एनर्जी दर घनमीटरला B²/2μ असते. लोखंडात μ हवेच्या हजारपट किंवा त्याहून जास्त, म्हणजे भागायला मोठा आकडा, त्यामुळे एवढं लोखंड दिसत असलं तरी बरीचशी एनर्जी त्या चिमूटभर हवेत बसलेली असते. फ्लक्स तेवढाच ठेवून मी पट्टी dx इतकी खाली ओढली तर काय होईल? B तोच राहतो, फक्त A·dx एवढी नवीन हवा फील्डने भरावी लागते, आणि तिची एनर्जी माझ्या हाताने दिली ना, दुसरं कोण देणार? म्हणून F·dx = B²A·dx/(2μ₀), dx गेला, फोर्स मिळाला:

F = B²A/(2μ₀)

१ टेस्लाला हे दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४ किलो येतं, हा आकडा पाठच करून टाका.

आमच्या मॅग्नेटला दोन फटी मिळून १ मिमी. लोखंडाचा वाटा सोडून दिला तर B = μ₀NI/0.001, म्हणजे ०.६३ टेस्ला. एकूण २० चौरस सेंटीमीटरवर ३१४ न्यूटन, म्हणजे ३२ किलो. पट्टीला रंगाचा जाड थर असेल, गंजाची खपली असेल आणि फट दुप्पट झाली, तर B निम्मा होतो आणि उरतात फक्त ८ किलो!

इथे कुणीतरी हमखास विचारतं, सर, करंट कायम ठेवला तर पट्टी जवळ आल्यावर फील्डची एनर्जी उलट वाढते, मग पट्टी ढकलली जायला नको का? प्रश्न एकदम रास्त आहे, मीही कॉलेजात इथेच अडकलो होतो. आपण बॅटरीला विसरतो. फ्लक्स वाढताना कॉइलमध्ये उलटा व्होल्टेज येतो, त्याच्याविरुद्ध करंट चालू ठेवायला बॅटरी जादा एनर्जी देते, त्यातली निम्मी फील्डमध्ये जाते आणि निम्मी पट्टी ओढण्यात. हिशोब केला की फोर्स तोच येतो, दिशाही तीच.

दोन्हीकडची फट ०.१-०.१ मिमी केली तर सूत्र ३.१ टेस्ला आणि ८०० किलो सांगतं. हुरळून जाऊ नका. साधं पोलाद १.६ टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट व्हायला लागतं, मग २०० किलोच्या जवळपास गाडी अडते, आणि करंट दुप्पट केला तरी वजन जेमतेम वाढतं, कॉइल मात्र चौपट तापते.