घट्टा काढायचा नाही, सपाट करायचा

सगळ्यांनी एकदा तळहात समोर धरा आणि मूठ अर्धीच मिटा. बोटांच्या मुळाशी कातडीची जी घडी पडते ना, घट्टे नेमके तिथेच असतात. जिममधला बार असो नाहीतर कुदळीचा दांडा, वजन आलं की ही घडी दांडा आणि बोट यांच्यामध्ये चिमटली जाते आणि वरून ओढलीही जाते, आणि असं रोज व्हायला लागलं की शरीर तिथे मेलेल्या पेशींचा थर वाढवत नेतं. हा थर कामाचाच आहे, तो नसेल तर पहिल्याच दिवशी फोड येतील. म्हणून घट्टा मुळापासून काढून टाकायच्या भानगडीत पडायचं नाही.

मग फाटतो कधी? घट्टा नुसता जाड झाला म्हणून सहसा फाटत नाही, त्याची कड वर आली की फाटतो. कडक थर वाकत नाही, आजूबाजूची मऊ कातडी वाकते, मग जोड असतो तिथे ताण येतो आणि भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो कडेने उचकटतो. आणि येताना खालची जिवंत कातडीही घेऊन येतो, म्हणून तर एवढी आग होते. ओळखायचं कसं, तर दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून आडवं फिरवा. नुसता कडकपणा लागला तर ठीक, पण बोट कुठे अडलं किंवा दोन नखांच्या चिमटीत कड पकडता आली तर घासायची वेळ झाली असं समजा.

आता घासायचं कसं. समजा अनामिकेखाली मुगाच्या दाण्याएवढा घट्टा आहे आणि बोटाकडची त्याची कड उभी राहिलीये. रात्री काम-व्यायाम आटोपल्यावर हात कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवा, मग टिपून कोरडा करा. वजरी नाहीतर नखं घासायची बारीक कानस घ्या आणि सुरुवात त्या उभ्या कडेपासून करा, एकाच दिशेने, हलक्या हाताने. चार-पाच वेळा घासलं की थांबून बोट फिरवून बघायचं, कारण भिजलेली कातडी भराभर निघते आणि आपण कुठे पोचलो ते कळत नाही. बोट अडायचं थांबलं की बास, मधला जाडपणा राहू द्या. जागा गुलाबी दिसायला लागली किंवा दाबल्यावर हुळहुळली तर जास्त घासलं गेलं, मग एक-दोन दिवस त्या हाताला जड काम नको. शेवटी युरिया असलेलं क्रीम, १० ते २० टक्क्यांचं, नाहीतर साधी पेट्रोलियम जेली लावून झोपा, कोरडा पडलेला घट्टा लवकर चिरतो. आठवड्यातून एकदा एवढं बहुतेकांना पुरतं. पण डेडलिफ्टच्या आधी किंवा शेतात निघताना क्रीम नको, पकड सुटते.

ब्लेडने मात्र कापू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. मेलेला थर कुठे संपला ते ब्लेडला कळत नाही आणि दुखेपर्यंत आपल्यालाही कळत नाही. कुरुपाच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड शेजारची चांगली कातडीही सोलतं. डायबेटिस असेल किंवा हाताला बधिरपणा असेल तर स्वतः न घासता डॉक्टरांना दाखवा. अजून एक, घट्ट्यावरून हाताच्या बारीक रेषा सरळ पुढे जाताना दिसतात. रेषा मध्येच तुटल्यात आणि आत काळे ठिपके आहेत असं दिसलं तर तो बहुधा चामखीळ आहे, त्याला घासलं तर तो पसरतो.

घासण्याइतकीच पकडही महत्त्वाची. बार तळहाताच्या मधोमध ठेवला की वजन आल्यावर तो घसरत बोटांकडे येतो आणि वाटेतली सगळी कातडी गोळा करून आणतो. म्हणून बार आधीच बोटांच्या मुळाशी धरा. चॉक लावा पण थापू नका, जास्त झाला की घर्षण उलट वाढतं. खुरपं, कुदळ, फावडं यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिथे हाताला त्रास देतो तो सैल बसलेला दांडा, जो प्रत्येक घावाला मुठीत फिरतो. तो पाचर ठोकून घट्ट करा, कुसं निघाली असतील तर पॉलिश पेपरने घासा. हातमोजे घालणार असाल तर हाताला चापून बसणारेच घ्या, ढगळ मोज्याची आत घडी पडते आणि तीच घासत बसते.

एवढं करूनही फाटला तर काम तिथेच थांबवा. साबण-पाण्याने धुवा, झोंबेल पण धुवा. लोंबणारी मेलेली कातडी स्वच्छ कात्रीने कापा, जी अजून चिकटलेली आहे ती ओढू नका. वर पेट्रोलियम जेली आणि पट्टी, पट्टी रोज बदलायची. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून परत घ्या. लाली पसरत चालली, पू आला, ठणका वाढला किंवा ताप आला तर घरी थांबू नका. आणि नवी कातडी दाबल्यावर दुखत नाही तोवर बार किंवा कुदळ धरू नका, नाहीतर त्याच जागी परत फाटतं.