तळाच्या जाळीचे स्क्रू

(पेडणे तालुक्यातल्या लहान हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, उद्या सकाळी स्विमिंग पूलच्या खोल बाजूला उभे राहा आणि तळाकडे बघा. मुख्य ड्रेनवर जाळी असते. तिचे स्क्रू दिसतात का? दिसले तर पुढची टेस्ट करा. नुसता काळपट चौकोन दिसला तर पूल उघडू नका, किट काहीही सांगो. कारण ज्या पाण्यात जाळी दिसत नाही, त्या पाण्यात तळाला गेलेलं पोरही दिसत नाही. आणि जाळी फुटलेली किंवा हललेली असेल तर पाणी काचेसारखं असलं तरी बंद. पंपाच्या ओढीत केस किंवा हात अडकला तर बाहेर ओढून निघत नाही, आधी पंप बंद करावा लागतो. पंपाचं बटण कुठे आहे हे स्वयंपाकघरातल्या पोरालाही माहीत हवं.

आता एका हॉटेलची गोष्ट सांगतो, नाव राहू दे. बारा खोल्या, पूल 12 मीटर लांब, 6 रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे 90 घनमीटर, 90 हजार लिटर पाणी. सुट्ट्यांचे चार दिवस हॉटेल भरलेलं. रविवारी दुपारी पाणी ताकासारखं झालं होतं. पूलवर नेमलेला मुलगा कोणाच्या तरी ऑर्डरचे चिप्स आणायला गेला. एक सहा वर्षांचा मुलगा रिंगमधून निसटला. ओरडला नाही, हातही हलवला नाही. बुडणारं पोर बहुतेक वेळा गप्पच असतं. एका बाईच्या पायाला काहीतरी लागलं, म्हणून तो सापडला. खोकत होता, जगला. तरी मी आग्रहाने त्याला इस्पितळात पाठवायला सांगितलं, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. त्याचा बाप तीन पावलांवर खुर्चीत मोबाईल बघत होता, पण माझा राग बापावर नाही. पहाऱ्याच्या माणसाला दुसरं काम देणाऱ्यावर आहे. पहारा म्हणजे फक्त पहारा; जायचं तर बदली उभी राहीपर्यंत थांबायचं, नाहीतर सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं.

मग मी वही मागितली. पाच दिवस पीएच 7.4, पाचही ओळी एकाच पेनने, एकाच दमात लिहिलेल्या. माझ्या किटवर पीएच निघाला 8.2 आणि क्लोरीन 2 पीपीएम. पूलवरचा मुलगा म्हणाला, ‘‘क्लोरीन आहे ना, मग पाणी खराब कसं?’’ आणि हातात ब्लीचिंगचा डबा घेऊन उभा.

इथेच बहुतेकांची चूक होते. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो, एक चपळ, एक मंद. पीएच 7.2 ला सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन चपळ असतो, 8.2 ला जेमतेम सहावा हिस्सा. म्हणजे किट 2 दाखवतं, पण अंगाचा घाम, तेल, सनस्क्रीन यांच्याशी लढणारा थोडाच. (उन्हासाठी स्टॅबिलायझर घातलेल्या गोळ्या वापरत असाल तर हा हिशेब आणखी बदलतो.) शिवाय पीएच चढला की पाण्यातला चुना सुटून दुधाळपणा वाढतो. आणि त्याच्या हातातलं कॅल्शियम हायपोक्लोराइट पीएच आणखी चढवणारं. 65 टक्क्यांचं एक किलो टाकलं असतं तर क्लोरीन सातने वाढला असता आणि पाणी आणखी पांढरं झालं असतं.

म्हणून आधी पीएच. पूल रिकामा, दोरी बांधलेली, पंप चालू. बादलीत आधी पाणी, मग त्यात अर्धा लिटर पूल ॲसिड. उलट कधीच नाही, कारण ॲसिडवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. खोल बाजूला हळूहळू ओतलं, चार तासांनी मोजलं, परत अर्धा लिटर. घाई नाही, कारण किती ॲसिड लागेल हे पाण्याच्या क्षारतेवर ठरतं. ॲसिड आणि क्लोरीन शेजारी ठेवू नका, एकाच बादलीत तर नकोच. विषारी वायू निघतो. मग फिल्टरचा काटा बघितला, नेहमीपेक्षा अर्धा बार वर, म्हणून बॅकवॉश केला.

रात्री क्लोरीन दीडने वाढवायचा होता. 90 घनमीटरला दीड ग्रॅमप्रमाणे 135 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे त्या पावडरचे साधारण 210 ग्रॅम. एक किलो नव्हे! स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करू नका एवढं मात्र सांगतो, मी ते होताना पाहिलंय.

सोमवारी पाहुण्यांनी कुरकुर केली. मॅनेजर म्हणाला, नुसतं उथळ बाजूला सोडू या. नाही म्हणालो, उथळ बाजूची पोरं खोल बाजूला जातात. मंगळवारी आठला पीएच 7.4 खरोखरच मोजला, वहीत वेळेसकट लिहिला, पहाऱ्याच्या मुलाला काठावर उभं केलं. जाळीचे चारही स्क्रू त्यानेच मोजले, मग दोरी सोडली.