आई विचारते, मुलगी विचारत नाही: स्थळाची प्रश्नकुंडली

नमस्कार मंडळी! लग्नसराई आली की कमेंटमध्ये एकच धोशा: "ताई, 28 गुण जुळतायत, घरचे तयार आहेत, पण माझं मन होत नाही. काय करू?"

गुणमिलनाचं पटकन सांगते. 36 गुण दोघांच्या चंद्रनक्षत्रावरून मोजतात, 18 च्या वर गेले की लोक चालतंय म्हणतात. त्यात तुमचं मन कुठंच मोजलेलं नसतं. त्यासाठी मी प्रश्नकुंडली बघते. प्रश्न माझ्यापर्यंत पोचला त्या क्षणाची.

आता नीट ऐका. प्रश्न कुणी विचारला? जो विचारतो त्याचं लग्नस्थान, म्हणजे कुंडलीतलं पहिलं घर. मुलीनं विचारलं तर ती पहिलं घर, मुलगा सातवं, तिचं कुटुंब दुसरं. आईनं विचारलं तर पहिलं घर आईचं, मुलगी पाचव्यावर जाते आणि जावई पाचव्यापासून सातवा, म्हणजे अकरावा. घर बदललं की मालक ग्रह बदलला, उत्तरही बदललं.

तासगावकडचं एक उदाहरण. मुलगी मिरजेत नर्स, स्थळ द्राक्षबागवाल्यांचं. फोन मुलीनं केला, शेजारून आईचा आवाज, "विचार की, कधी जमतंय ते!" लग्नस्थानी कर्क रास निघाली. आईचा प्रश्न धरला असता तर मुलीचा मंगळ, मुलाचा शुक्र, आणि दोघंही कर्केत, शुक्र 5 अंशांवर, मंगळ 9 वर. शुक्र वेगानं पुढं सरकतोय, मंगळाला गाठणार. इत्थशाल! जमलं म्हणायचं.

पण विचारणारी मुलगी. मग तिचा चंद्र, मुलाचा शनी, घरच्यांचा सूर्य. शनी मीनेत 7 अंशांवर, चंद्र तिथंच 10 वर. म्हणजे शनीला ओलांडून पुढं गेलेला, इशराफ. आणि निघालाय मिथुनेतल्या 14 अंशांवरच्या सूर्याकडं, तोही केंद्रातून, ताणातून. मी तिला एवढंच विचारलं, "मुलाला भेटून आल्यावर ओढ कमी झाली का? आणि आता होकार घरासाठी देतेयस का?" पलीकडं बराच वेळ शांतता.

मुलगा चांगला की वाईट, हे यात दिसत नाही बरं का. तिचं मन कुणीकडं सरकतंय, एवढंच दिसतं. तिनं मोठ्यांशिवाय आणखी एक भेट मागितली. पुढचं तिचं तिनं बघावं.

आणि कमेंटमध्ये भांडणारे, "आई का मुलीचं वाईट चिंतणार?" अहो, आईचा प्रश्न खोटा नाही, तो आईचा आहे! तो मुलीच्या लग्नस्थानावर बसवला की सगळं गणित चुकतं. तीच मुलगी रात्री परत मेसेज टाकते, "ताई, आता बघा ना." नाही. पहिलाच क्षण धरायचा.

मेसेज करताना वेळ, गाव आणि विचारणारं कोण, हे लिहा. आयांनो, फोन तेवढा मुलीकडं द्या, आणि जरा चहा टाकायला आत जा.