ग्राहकांना काय कळवलं? ऑक्टाच्या सूचनापत्रांची गोष्ट

[दृश्य: साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलेली एक लांबलचक फाइल. ओळी वर सरकत आहेत.]

निवेदन:

ही एचएआर फाइल. आमच्याच चाचणी खात्यावरून बनवलेली. एखादी वेबसाइट नीट चालत नसली की सपोर्टवाले ग्राहकाला सांगतात, ब्राउझरमध्ये रेकॉर्डिंग सुरू करा, जिथे अडतंय ते पुन्हा करून दाखवा आणि तयार झालेली फाइल आम्हाला पाठवा. तेवढ्या वेळात ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जे काही बोलणं झालं, ते जसंच्या तसं या फाइलमध्ये उतरतं. बिघाड शोधायला ती फार उपयोगी पडते. पण आता ही ओळ पाहा.

```
"name": "Cookie",
"value": "sid=102a7Qx..."
```

ही सेशनची कुकी. तुम्ही पासवर्ड टाकला, मोबाइलवरचा कोड टाकला आणि सर्व्हरला तुमची ओळख पटली, याची ती पावती. मुदत संपेपर्यंत ती ज्याच्या हाती, तो सर्व्हरच्या लेखी तुम्हीच. त्याला पासवर्डही विचारला जात नाही आणि कोडही नाही.

२०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑक्टा या अमेरिकी कंपनीच्या ग्राहक-सपोर्ट यंत्रणेतून अशा फाइली चोरीला गेल्या. इतर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचं लॉगिन सांभाळणं हाच ऑक्टाचा व्यवसाय. म्हणजे चोरलेली पावती कामाला आली तर ती ऑक्टाच्या नव्हे, ग्राहकाच्या घरात शिरायला. म्हणूनच या प्रकरणात ग्राहकांना काय, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं गेलं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

[दृश्य: तारखांची पट्टी. २९ सप्टेंबर, २ ऑक्टोबर.]

निवेदन:

२९ सप्टेंबर. वनपासवर्ड या कंपनीच्या आयटी विभागातल्या एका कर्मचाऱ्याला ईमेल येतो. मजकूर असा, की ऑक्टामधल्या अ‍ॅडमिन खात्यांची यादी देणारा अहवाल तुम्ही मागवला होता. त्याने तसं काही मागवलेलं नसतं. कंपनी ऑक्टाला कळवते.

२ ऑक्टोबर. बियॉन्डट्रस्ट ही दुसरी ग्राहक कंपनी. तिच्या अ‍ॅडमिनने ऑक्टाच्या सपोर्टला एचएआर फाइल पाठवली आणि अर्ध्या तासाच्या आत तिच्यातली कुकी वापरून कुणीतरी आत शिरायचा प्रयत्न केला. फाइल पाठवली होती फक्त ऑक्टाला. बियॉन्डट्रस्टने सरळ सांगितलं, गळती तुमच्याकडे आहे, शोधा.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घेऊ. कंपनीने ग्राहकांना कळवायच्या आधी ग्राहकांनी कंपनीला कळवलं. पुढचे जवळपास दोन आठवडे ऑक्टाला चोरीचा माग लागला नाही. का लागला नाही, ते पुढे ऑक्टानेच जाहीर केलं.

[दृश्य: दुभंगलेला पडदा. डावीकडे सपोर्टची एक तक्रार उघडून तिची जोडफाइल पाहिली जाते. उजवीकडे ‘फाइल्स’ हा टॅब. खाली दोन्हींच्या लॉगच्या नोंदी.]

निवेदन:

डावीकडे पाहा. सपोर्टचा कर्मचारी ग्राहकाची तक्रार उघडतो, तिला जोडलेल्या फाइलवर क्लिक करतो. लॉगमध्ये एका विशिष्ट प्रकारची नोंद पडते. उजवीकडे तीच फाइल, पण तक्रार न उघडता थेट ‘फाइल्स’ टॅबमधून घेतलेली. नोंद इथेही पडते. मात्र तिचा प्रकार वेगळा, आयडी वेगळा.

चोर उजवीकडून गेला होता. तपास करणारे डावीकडच्या नोंदी चाळत होते. लॉग खोटं बोलत नव्हता. त्याला प्रश्न चुकीचा विचारला जात होता. १३ ऑक्टोबरला बियॉन्डट्रस्टने एक संशयास्पद आयपी अ‍ॅड्रेस पुरवला. त्या अ‍ॅड्रेसवरून शोध घेतल्यावर त्या दुसऱ्या प्रकारच्या नोंदी एकदम समोर आल्या आणि त्यांच्या मागे एक सर्व्हिस अकाउंट निघालं, म्हणजे एखाद्या माणसासाठी नव्हे, तर यंत्रणेच्या कामासाठी बनवलेलं खातं.

सूचनापत्र लिहिणाऱ्याने हे दृश्य पुन्हा पुन्हा पाहावं, असं आम्हाला वाटतं. ‘आमच्या लॉगमध्ये काही आढळलं नाही’ असं लिहिताना कोणत्या नोंदी पाहिल्या आणि कोणत्या पाहिल्याच नाहीत, हे लिहिणाऱ्याला तरी माहीत असलं पाहिजे.

[दृश्य: २० ऑक्टोबर २०२३चं सूचनापत्र. शेवटच्या परिच्छेदावर कॅमेरा स्थिरावतो.]

निवेदन:

२० ऑक्टोबरला ऑक्टाने जाहीर सूचना दिली. घडलं काय, ते त्यात होतं. चोरलेल्या लॉगिनने कुणीतरी सपोर्ट यंत्रणेत शिरलं आणि काही ग्राहकांनी पाठवलेल्या फाइली पाहिल्या. ग्राहकांनी तपासून पाहावेत असे आयपी अ‍ॅड्रेस दिले होते. यापुढे एचएआर फाइल पाठवण्याआधी तिच्यातल्या कुकी आणि टोकन, म्हणजे ओळखीच्या तशाच पावत्या, काढून टाका, असा सल्लाही होता. हे सगळं कामाचं.

आता हा भाग वाचा. ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांना आम्ही कळवलं आहे. तुम्हाला वेगळा निरोप आला नसेल, तर तुमच्या ऑक्टा यंत्रणेवर किंवा सपोर्टच्या तक्रारींवर परिणाम नाही, असा त्याचा आशय.

ज्या ग्राहकांना निरोप नव्हता त्यांनी याचा एकच अर्थ घेतला: आपण सुटलो. अक्षरशः पाहिलं तर वाक्यात तसं नव्हतं. ते यंत्रणेबद्दल आणि तक्रारींबद्दल होतं. पण सुरक्षेचं काम पाहणारा माणूस अशा पत्रात आधी एकच शोधतो, आज मला काही करायचं आहे की नाही? त्याला उत्तर मिळालं, नाही. आणि तपास तर अजून चालूच होता.

[दृश्य: क्रोम ब्राउझरच्या कोपऱ्यातलं प्रोफाइलचं चिन्ह. त्यावर क्लिक. ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ ही खिडकी.]

निवेदन:

३ नोव्हेंबरला दुसरं निवेदन आलं, आणि ते आम्हाला खरोखर चांगलं वाटतं. कारण त्यात मूळ कारण होतं. कंपनीच्या लॅपटॉपवर एका कर्मचाऱ्याने क्रोममध्ये स्वतःच्या खासगी गूगल खात्याने साइन-इन केलं होतं. सपोर्ट यंत्रणेतल्या सर्व्हिस अकाउंटचं नाव आणि पासवर्ड त्या खासगी खात्यात सेव्ह झाले. ते खासगी खातं किंवा त्या कर्मचाऱ्याचं एखादं खासगी उपकरण फुटलं असावं, ही सर्वांत संभाव्य शक्यता, असं ऑक्टाने लिहिलं. ‘सर्वांत संभाव्य’ हा शब्दप्रयोगही योग्य. जेवढी खात्री, तेवढंच विधान.

याच निवेदनात आकडा आला. २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर या काळात १३४ ग्राहकांच्या फाइली पाहिल्या गेल्या, म्हणजे एकूण ग्राहकांच्या एक टक्क्याहून कमी. त्यांपैकी पाच ग्राहकांची सेशन बळकावली गेली.

दुरुस्तीही कारणाला धरून होती. ते सर्व्हिस अकाउंट बंद केलं. कंपनीच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये खासगी खात्याने साइन-इन करायला मनाई केली. सपोर्ट यंत्रणेवर देखरेखीचे नवे नियम बसवले. आणि अ‍ॅडमिनच्या सेशनचं नेटवर्क बदललं की पुन्हा लॉगिन मागायची सोय दिली, म्हणजे चोरलेली पावती दुसऱ्या नेटवर्कवरून चालणार नाही. प्रत्येक उपाय कोणत्या भोकासाठी आहे, ते वाचणाऱ्याला बोट ठेवून दाखवता येतं. ‘आम्ही आमची सुरक्षा अधिक भक्कम करत आहोत’ या वाक्यावर असं बोट ठेवता येत नाही.

[दृश्य: एका फोल्डरमध्ये एकाच नावाचे दोन अहवाल. आकाराच्या रकान्यावर झूम. नमुना आम्ही तयार केलेला.]

निवेदन:

नोव्हेंबरच्या शेवटी तिसरं पत्र आलं. ऑक्टाच्या माणसांनी चोराने चालवलेले अहवाल स्वतः पुन्हा चालवून पाहिले. एका अहवालाचा मेळ बसेना. चोराने उतरवून घेतलेली फाइल, यांनी बनवलेल्या फाइलपेक्षा मोठी होती.

पडद्यावरच्या या दोन फाइली पाहा. नाव तेच, रकाने तेच. पहिली फिल्टर लावून काढलेली. दुसरी काढताना फिल्टर काढून टाकला आहे. फरक दिसतो तो फक्त आकारात.

चोराने फिल्टर काढला होता. त्या अहवालात सपोर्ट यंत्रणा वापरणाऱ्या सगळ्यांची यादी होती. ९९.६ टक्के जणांची संपर्काची माहिती म्हणजे फक्त नाव आणि ईमेल. पासवर्ड नव्हते. तरीही यातली बरीच नावं अ‍ॅडमिनची, आणि त्यांना गळाला लावणारे फसवे ईमेल पाठवायला ही यादी पुरेशी. एक टक्क्याहून कमी ग्राहकांची गोष्ट काही सरकारी यंत्रणा वगळता जवळपास सगळ्या ग्राहकांपर्यंत पोहोचली.

आकडा वाढला, याबद्दल आमची तक्रार नाही. तपासात आकडे वाढतात. युरोपच्या जीडीपीआर कायद्याच्या ३३व्या कलमातही नियामकाला शक्यतो ७२ तासांत कळवायची अट आहे आणि त्याच कलमात माहिती टप्प्याटप्प्याने द्यायची मुभाही आहे, ती यासाठीच. तक्रार आहे ती पहिल्या पत्राने टप्पा संपल्यासारखं बोलण्याबद्दल.

[दृश्य: कोरा कागद. हाताने लिहिलं जात असलेलं पत्र.]

निवेदन:

२० ऑक्टोबरला हातात जेवढं होतं, तेवढ्यातच हे पत्र असंही लिहिता आलं असतं:

‘आमच्या सपोर्ट यंत्रणेत बाहेरची व्यक्ती शिरली होती. आतापर्यंत आम्ही तक्रारींना जोडलेल्या फाइली कुणी उघडल्या, याच्या नोंदी तपासल्या आहेत. त्यांवरून ज्यांच्या फाइली पाहिल्या गेल्या, त्यांना स्वतंत्र पत्र पाठवलं आहे. या व्यक्तीने काही अहवालही चालवले. त्यांत नेमकं काय होतं, याची तपासणी अजून पूर्ण झालेली नाही. ती होईपर्यंत, तुम्हाला स्वतंत्र पत्र आलं नसलं तरी, आमच्या नावाने येणाऱ्या ईमेलकडे संशयाने पाहा आणि प्रत्येक अ‍ॅडमिन खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावा. अलीकडे आम्हाला एचएआर फाइल पाठवली असेल, तर त्या सेशन आजच रद्द करा. पुढची माहिती शुक्रवारी देऊ. नवं काही हाती लागलं नाही, तरी तसं कळवू.’

यात कबुली जास्त नाही आणि धोकाही जास्त नाही. मोजमाप कशावरून केलं, ते आहे. काय मोजायचं राहिलं, ते आहे. आणि निरोप न आलेल्या माणसालाही हातात काम आहे. वकील या पत्रातली ‘अजून पूर्ण झालेली नाही’ ही ओळ खोडायला सांगतील. ती वाचवण्यासाठी भांडावं.

[दृश्य: क्लाउडफ्लेअरचं १ फेब्रुवारी २०२४चं निवेदन, पडद्यावर झरझर वर सरकताना.]

निवेदन:

ऑक्टाच्या याच घटनेत चोरीला गेलेलं एक टोकन आणि तीन सर्व्हिस खाती क्लाउडफ्लेअर या ग्राहक कंपनीकडून बदलायची राहून गेली. ती वापरात नाहीत, असा समज होता. त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच आधारे हल्लेखोर क्लाउडफ्लेअरच्या अंतर्गत यंत्रणेत शिरला. नंतर कंपनीने पाच हजारांहून अधिक पासवर्ड आणि टोकन बदलले आणि हे सगळं आपल्या ग्राहकांना लिहून कळवलं.

[दृश्य: ८ फेब्रुवारी २०२४चं ऑक्टाचं शेवटचं पत्र.]

निवेदन:

ऑक्टाचं शेवटचं पत्र त्यानंतर आठवड्याने आलं. स्ट्रोझ फ्रीडबर्ग या बाहेरच्या तपास कंपनीने सगळं पुन्हा तपासलं होतं. आधी कळवलेल्या गोष्टींपलीकडे गैरवापराचा पुरावा मिळाला नाही, असं सांगून प्रकरण बंद केलं गेलं.