रोजचा मॉक, रोजचे गुण आणि गटातला शेवटचा मुलगा

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा मॉक, म्हणजे सराव पेपर, होतो, उत्तरतालिका हातात येते आणि रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲपच्या गटावर आकडे पडायला लागतात. एकसष्ट, अठ्ठावन्न, बावन्न... आणि कुणीतरी एकजण टाइप करतो, खोडतो, परत टाइप करतो आणि शेवटी काहीच पाठवत नाही. आज बोलायचंय ते या न पाठवलेल्या आकड्याबद्दल.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतला सात जणांचा एक गट डोळ्यांसमोर आणा. तयारी एमपीएससीच्या गट-ब आणि गट-क संयुक्त पूर्व परीक्षांची. शंभर प्रश्न, शंभर गुण, एक तास. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा. गटाचा नियम एकच, गुण उतरत्या क्रमाने टाकायचे. पहिल्या दिवशीची यादी अशी : ६१, ५८, ५२, ४९, ४४, ३६ आणि २९. सरासरी सत्तेचाळीस.

आठवड्याभरात एकोणतीसवाली मुलगी गप्प होते. मॉक देते, गुण टाकत नाही. राहिलेल्या सहांची सरासरी होते पन्नास. मग छत्तीसवाला बघतो की आता तळाला आपण आहोत. तोही गप्प. पाच जणांची सरासरी होते ५२.८. गटात सगळे म्हणतात, वा, सरासरी सत्तेचाळीसवरून जवळजवळ त्रेपन्नवर आली! प्रत्यक्षात एकाचाही एक गुण वाढलेला नाही. फक्त खालची दोन माणसं यादीतून गेली. आणि आता तळाला कोण? चव्वेचाळीसवाला. पुढची पाळी त्याची. पुन्हा सांगते, कारण हे कानावरून निसटतं : खालचा गप्प झाला की त्याच्या वरचा तळाला येतो. ही यादी खालून कुरतडली जाते. म्हणून नुसती सरासरी वाढली म्हणून खूश होऊ नका, आधी आज गुण किती जणांनी टाकले ते मोजा.

आता त्या एकोणतीसवाल्या मुलीची उत्तरपत्रिका जवळून बघू. तिने पंच्याण्णव प्रश्न सोडवले. बेचाळीस बरोबर, त्रेपन्न चूक. त्रेपन्न पाव म्हणजे सव्वातेरा गेले, उरले २८.७५. यादीत हे "एकोणतीस" म्हणून दिसलं आणि सगळ्यांनी, तिने स्वतःसुद्धा, अर्थ काढला की अभ्यास कमी आहे. पण त्रेपन्न चुकांपैकी चौदा अशा निघाल्या की उत्तर तिला येत होतं. प्रश्न होता "खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?" आणि तिने बरोबर विधानाचा गोल भरला. जोड्या लावताना क्रम उलटा वाचला. "फक्त अ आणि क" ऐवजी "फक्त अ आणि ब". म्हणजे ज्याला मुलं सिली म्हणतात त्या चुका.

आता हिशोब ऐका. सिली चूक सुधारली की एक गुण मिळतो आणि वजा होणारा पावही वाचतो. म्हणजे प्रत्येक चुकीमागे सव्वा गुण. चौदा सव्वे साडेसतरा. त्या चौदाही वाचल्या असत्या तर ती त्याच पेपरात, त्याच अभ्यासावर, ४६.२५ वर असती. चव्वेचाळीसवाल्याच्या पुढे.

गट मग नियम बदलतो. एका आकड्याऐवजी चार आकडे टाकायचे : सोडवले, बरोबर, चूक, त्यातले सिली. तिचा निरोप जातो, "९५, ४२, ५३, सिली १४". एकसष्टवाल्याचा जातो, "७१, ६३, ८, सिली २". बेरीज वजाबाकी करून गुण कुणीही काढू शकतं, लपवलेलं काही नाही. पण बोलणं कशावर होतं बघा. एकसष्टवाला विचारतो, चौदांमध्ये "नाही"वाले किती? ती मोजते, नऊ. मग ती एकच गोष्ट करते. पर्याय वाचण्याआधी प्रश्नातल्या "नाही", "चुकीचे", "अयोग्य" या शब्दाभोवती पेनाने गोल करते. तिसऱ्या आठवड्यात सिली येतात पाचवर. बाकी काहीही न बदलता हे एक्कावन्न बरोबर, चव्वेचाळीस चूक, म्हणजे पूर्ण चाळीस गुण. यादीत अजून मागेच आहे ती, पण रोज रात्री तिचा निरोप येतो, कारण तिच्याकडे सांगण्यासारखा आकडा आहे : चौदा, अकरा, आठ, पाच.

हाच आकडा का? कारण पेपर अवघड आला तर सगळ्यांचेच गुण पडतात, आणि वेगवेगळ्या टेस्ट सिरीजचे गुण तर एकमेकांशेजारी ठेवूच नयेत. वाचण्यातली चूक मात्र पेपर सोपा असो की अवघड, बरीचशी आपल्या हातात असते. कालच्या आणि आजच्या पेपरात तुलना करायला तीच त्यातल्या त्यात भरवशाची.

जाता जाता एक. मॉक मोबाइलवर देऊ नका हो. प्रत्यक्ष परीक्षेत काळ्या बॉलपेनने उत्तरांचे गोल भरावे लागतात, त्यात मिनिटं जातात. बोटाने टिचकी मारून मिळवलेला वेग खरा नाही. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या प्रती स्वस्तात मिळतात, एक गठ्ठा आणून ठेवा.

तर, या पद्धतीत बिघडतं कुठे? माहीत नसलेला प्रश्नसुद्धा मुलं सिलीत घालतात, कारण "येत होतं पण चुकलं" म्हणणं सोपं जातं. त्यावर उपाय असा. उत्तरपत्रिका शेजाऱ्याशी बदला. शेजाऱ्याने उत्तरतालिका बघून फक्त फुल्या मारायच्या, बरोबर पर्याय सांगायचा नाही. पत्रिका परत आली की दहा मिनिटं फक्त फुलीवाले प्रश्न पुन्हा वाचायचे. पर्याय बदलून बरोबर आला आणि तो का बरोबर हे एका वाक्यात सांगता आलं, तरच ती सिली. का ते सांगता आलं नाही तर ती माहीत नव्हती, कारण एक पर्याय आधीच बाद झालाय, उरलेल्या तिनात अंदाजही लागतो. पुन्हा सांगते : नुसता पर्याय बरोबर येऊन भागत नाही, तो का बरोबर हे सांगता यायला हवं.

दुसरं, निरोप गुणांच्या क्रमाने नको. ज्याचं तपासून झालं त्याने टाकावं. सगळ्यात जास्त गुणवाल्याने आपल्या आकड्यांसोबत स्वतःचा चुकलेला एक प्रश्नही टाकावा. आणि "पेपर सोपाच होता" हे वाक्य गटावर लिहायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या. तेवढं एक वाक्य तीन जणांना गप्प करतं.

आणि कुणी सलग तीन दिवस काही टाकलं नाही, तर गटावर नाव घेऊन विचारू नका. एकाने, शक्यतो शेजारी बसणाऱ्याने, मेसला जाताना विचारावं : "आजचे फुलीवाले बघितलेस का? चल, दहा मिनिटं बसू." गुण किती, हे विचारायचं नाही. ते पाहिजे तेव्हा तो सांगेल.

नमस्कार.