दोन फळ्यांमधला सांधा

(दृश्य: पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसी. ट्रेलरवर रचलेल्या काँक्रीटच्या लांब फळ्या, शेजारी क्रेन.)

सोलापुरात एप्रिलमध्ये काँक्रीटचं काम करायचं म्हणजे दिवस उजाडायच्या आधी साइटवर उभं राहावं लागतं. हे गणवेश शिवणारं एक युनिट. कॉलम आणि बीम तयार आहेत, वरच्या मजल्यावर शिलाई मशिनं बसायचीत आणि जूनच्या आत. नेहमीसारखी सेंट्रिंग लावून स्लॅब टाकला असता तर सहा मीटरच्या गाळ्याखालचे टेकू १४ दिवस हलवता आले नसते. म्हणून मालकांनी कारखान्यात तयार झालेल्या पोकळ फळ्या मागवल्या.

फळीचं तोंड जवळून बघा. जाडी १५० मिलिमीटर, रुंदी १२००. आत एका ओळीत भोकं, आणि तळाशी काँक्रीटमध्ये चमकणारे छोटे ठिपके. त्या ताण दिलेल्या तारा. शंभरएक मीटर लांब पट्ट्यावर तारा ओढून ताणतात, त्यावरून मशीन काँक्रीट दाबत जातं आणि ते घट्ट झाल्यावर करवतीनं हव्या त्या लांबीचे तुकडे कापतात. तारेचं टोक काँक्रीटच्या तोंडापासून आत ओढलं गेलेलं दिसलं, तर तारेची पकड सुटलेली असू शकते. अशी फळी बाजूला काढायची आणि डिझाइनरला विचारायचं. हे बघायची वेळ ट्रेलरवरच. एकदा बीमवर टेकली की तोंड नीट दिसत नाही.

(दृश्य: क्रेन एक फळी उचलते. मिस्त्री खालून हात हलवतो.)

सहा मीटरची एक फळी साधारण १८०० किलो. मजला १२ बाय २४ मीटरचा, मध्ये एक बीम. म्हणजे दोन गाळे, प्रत्येकी २० फळ्या. बीमच्या माथ्यावर आधी रबराची पट्टी, तिच्यावर फळीचं टोक, कमीत कमी ७५ मिलिमीटर टेकलेलं. पहिल्या दिवशी २४ फळ्या चढल्या. गवंडीकाम करणारे एक काका खाली उभे राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "काय वो साहेब, खाली एकबी टेकू नाही?"

टेकू खरंच लागत नाही. पण फळ्या चढल्या म्हणजे मजला झाला, असं मात्र नाही. आत्ता या ४० सुट्या फळ्या आहेत. एकीवर पाय दिला तर ती एकटी वाकते, शेजारची जागची हलत नाही.

(दृश्य: दोन फळ्यांमधली फट, वरून जवळून.)

फळीच्या कडेला ही लांब खाच दिसते ना, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. दोन फळ्या शेजारी आल्या की खाली फट जवळजवळ मिटते आणि वर चार-पाच सेंटिमीटरची चर उरते. तिच्या पोटात फुगवटा असतो. त्यात काँक्रीट घट्ट बसलं की ते किल्लीसारखं अडकतं. मग एका फळीवरचं ओझं शेजारणीकडे जातं.

आधी पातळी. ताण दिलेली फळी मधोमध थोडी वर उचललेली असते आणि प्रत्येकीचा उचल सारखा नसतो. इथं दोन फळ्यांत ८ मिलिमीटरचा फरक निघाला. फटीतून आटे पाडलेला रॉड घालून वर-खाली चॅनल लावले, नट आवळून दोघींना एका पातळीत आणलं. हे सांधा भरायच्या आधीच करायचं, नंतर फळी हलत नाही.

मग भोकांच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या टोप्या, नाहीतर बीमवरचं काँक्रीट भोकात वाहत जाईल. मधल्या बीमवर प्रत्येक सांध्यात १२ मिलिमीटरची दोन मीटर लांब सळई, एक मीटर या गाळ्यात, एक मीटर त्या गाळ्यात. दोन्हीकडच्या फळ्या या सळईनं एकमेकींना बांधल्या जातात.

आता भरणं. चर झाडून, पाणी मारून ओली केली. खडी दहा मिलिमीटरच्या आतली. काँक्रीट वाहतं हवं, पण पाणी ओतून पातळ केलेलं नको. सहा मीटरच्या एका सांध्यात तीस-चाळीस लिटर माल मावतो आणि तो सळईनं कोचत कोचत तळापर्यंत न्यावा लागतो. मी एक साइट पाहिली आहे, जिथं वेळ वाचवायला सांधे आणि फळ्यांवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे टॉपिंग, एकदमच टाकलं, तेही वीस मिलिमीटर खडीच्या मालानं. खडी चरीच्या तोंडाशीच अडकली, खाली पोकळी राहिली. वर्षभरात फरशीवर सरळ रेषेत तडे आले, बरोबर बाराशे मिलिमीटरच्या अंतरानं. तडे असे मोजूनमापून आले की सांध्याकडे बघायचं, फरशीवाल्याला धरायचं नाही.

(दृश्य: भरलेल्या सांध्यांवर ओली गोणपाटं. वर कुणीही चालत नाही.)

सांधे घट्ट होईपर्यंत वर ट्रॉली नाही, सळयांचे भारे नाहीत.

टॉपिंगच्या आदल्या दिवशी फळ्यांचा खरखरीत माथा घासून धुतला. संध्याकाळी भरपूर पाणी पाजलं. पहाटे साचलेलं पाणी झाडून काढलं. फळी आतून ओली हवी, पण वरून चकाकणारी नको, हे त्याचं माप. कोरडी तापलेली फळी नव्या काँक्रीटचं पाणी शोषून घेते आणि टॉपिंग तिला धरत नाही. नंतर हातोडीनं ठोकलं की भद्द आवाज येतो.

माल किती लागणार, इथं हिशेब चुकतो. टॉपिंग ५० मिलिमीटर, क्षेत्र २८८ चौरस मीटर, म्हणून १४.४ घनमीटर, असं सुपरवायझरनं लिहिलं. पण या फळ्यांचा मधला उचल १५ मिलिमीटर आहे. मध्ये ५० ठेवून वर सपाट करायचं तर टोकाला ६५ होतात, आणि सरासरी ५५ पडते. म्हणजे १५.८ घनमीटर. जवळपास दीड घनमीटर कमी पडला असता. असं झालं की मिस्त्री मध्यावर जाडी ओढून ३५ करतो, आणि टॉपिंगमधली सळयांची जाळी उघडी पडते.

जाळी कव्हर ब्लॉकवर उचललेली. मधल्या बीमवर तिच्यावर जादा सळया, कारण फळीच्या तारा तळाशी आहेत, माथ्याला ओढ बसली तर तिथं काही नाही. याच कारणानं ही फळी बाल्कनीसारखी बाहेर काढायची नाही.

(दृश्य: सकाळचे साडेआठ. शेवटचा हात फिरतो, मागोमाग गोणपाट.)

नऊच्या आत संपवलं. ऊन चढलं की ५० मिलिमीटरचा थर बघता बघता सुकतो आणि केसासारख्या भेगा पडतात. पुढं सात दिवस पाणी.

आणि त्या पाण्यामुळेच एक शेवटचं काम. ते कुठूनतरी फळीच्या भोकात उतरतं आणि तिथंच बसतं. आमच्याच एका कामात पावसाळा संपून दोन महिने झाल्यावर छताला डाग आला. प्लंबरला तीनदा बोलावलं. शेवटी खालून ड्रिल मारलं तर अर्धी बादली पाणी पडलं. म्हणून इथं प्रत्येक भोकाखाली टोकाजवळ बारीक छिद्र पाडलंय, तारा चुकवून. आत्ताही दोन-तीन ठिकाणी थेंब लोंबतोय. रंगारी आला की त्याला सांगायचं, यात पुट्टी भरू नकोस.