दूरच्या फोटोतला गेंडा

फोटो काझीरंगाचा आहे. उंच गवत, गवतातून वर आलेली एक करडी पाठ, आणि पाठीच्या पुढे एकच काळं, टोकदार शिंग. पाहताक्षणी कुणीही म्हणेल, एकशिंगी गेंडा. पण जरा थांबूया.

पाणघोडा इथे असूच शकत नाही, कारण पाणघोडे मूळचे आफ्रिकेतले, भारतातल्या रानात ते नाहीत. इथे घोटाळा होतो तो रानम्हशीशी. अंगाचा रंग जवळपास तोच, खांद्यापाशी उंचीही साधारण तेवढीच, आणि दोघांनाही चिखलात लोळायची आवड. म्हशीला शिंगं दोन असतात हे खरं, पण ती अगदी आडवी उभी असली तर पलीकडचं शिंग अलीकडच्या शिंगामागे झाकलं जातं. म्हणून शिंगं मोजू नका. शिंग कुठून निघालंय ते पाहा.

फोटो मोठा करू. आधी डोळा शोधायचा. तो दिसला नाही, तर कान. गेंड्याचं शिंग नाकावर, म्हणजे डोळ्याच्या बरंच पुढे उगवतं. म्हशीचं शिंग डोळ्याच्या मागून, डोक्याच्या माथ्यापासून निघतं आणि मागे वळतं. या फोटोत शिंगाच्या बुडाशी, किंचित खाली, एक आडवा कान लोंबतोय. गेंड्याचा कान शिंगापासून लांब, डोक्याच्या मागच्या टोकाला, नळीसारखा उभा असतो. म्हणजे ही रानम्हैस आहे.

गवतात डोकंच बुडालेलं असेल, तर कातडी बघायची. भारतीय गेंड्याच्या खांद्यामागे आणि मांडीच्या पुढे खोल घड्या असतात; अंगावर चिलखताचे पत्रे जोडावेत तशा. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या दुरूनही उमटतात. भर दुपारी त्या पुसट होतात, आणि ओल्या चिखलाचा थर बसला की बुजतातही. त्यामुळे घडी दिसली तर गेंडा नक्की. दिसली नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

आफ्रिकेतल्या फोटोंना मात्र ही खूण लावू नका. तिथल्या दोन्ही जातींच्या गेंड्यांना अशा चिलखती घड्या नसतात. शिंगं दोन असतात, एकामागे एक. शिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी काही ठिकाणी ती मुद्दाम कापलेली असतात. असा बिनशिंगी गेंडा दुरून थेट पाणघोड्यासारखा वाटतो, आणि मला तर कानांइतकी भरवशाची खूण दुसरी वाटत नाही. पाणघोड्याचे कान अगदी लहान, गोलसर, डोक्यावर चिकटवल्यासारखे. तो पाण्यात असला, तर कान, डोळे आणि वर आलेल्या नाकपुड्या जवळजवळ एका पातळीत पाण्याबाहेर दिसतात. गेंड्याचे कान डोक्याच्या आकाराच्या मानाने लांब असतात, आणि प्रत्येक कान स्वतंत्रपणे वळतो. एकाच ठिकाणाहून लागोपाठ काढलेले दोन-तीन फोटो असतील, तर ते शेजारी ठेवून बघा: एक कान पुढे, दुसरा मागे वळलेला दिसला, तर पाणघोड्याचा संशय बराच कमी होतो.